ऑप्शन आहे, पण सुटका नाही

मे २०२४ मधली गोष्ट. कोल्हापूरच्या शाखेत मी फॉरेक्सचं टेबल सांभाळत होते. शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले शेठ दुपारी दोनच्या सुमारास आले ते हातात एक कागद फडकवतच. आदल्या दिवशी, म्हणजे १५ मे रोजी, त्यांनी आयुष्यातला पहिला फॉरवर्ड, म्हणजे निर्यातीचे पुढे येणारे डॉलर आजच ठरवलेल्या दरानं बँकेला विकायचा सौदा, बुक केला होता. रक्कम एक लाख डॉलर. त्याचं कन्फर्मेशन आम्ही मेलवर पाठवलं होतं आणि सही करून परत मागितलं होतं.

"मॅडम, ह्यावर मी सही करणार न्हाई," खुर्ची ओढत ते म्हणाले. "मी ऑप्शन घेतला होता. इथं खाली लिवलंय की डॉलर द्यायचं बंधन माझ्यावर आहे. मग ऑप्शन कसला?"

मला हसू आलं, पण आवरलं. बावीस वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की कन्फर्मेशनवर तो शब्द छापणाऱ्यालाच एकदा शिरोलीला आणून बसवावं असं वाटतं. बाजारात 'ऑप्शन' नावाची एक वेगळी वस्तू मिळते. तिचा प्रीमियम आधी खिशातून भरायचा आणि वेळ आली की वापरायची की सोडून द्यायची हे आपण ठरवायचं. शेठना त्यांच्या भाच्यानं हीच वस्तू समजावून सांगितली होती. त्यांच्या कागदावर मात्र होतं 'ऑप्शन डिलिव्हरी, १ ऑक्टोबर ते ३१ ऑक्टोबर'. इथे निवड फक्त दिवसाची असते. द्यायचं की नाही, ही निवड नसते.

व्याख्या सांगून हे पटणार नव्हतं. मी विचारलं, "शेठ, तुम्ही स्क्रॅप कसं घेता?"

ते म्हणाले, "दर ठरवून. व्यापारी सांगतो, पुढच्या महिन्यात वीस टन देतो, ह्या दरानं."

"कुठल्या तारखेला देणार, हे सांगतो?"

"न्हाई. महिन्यात कवाबी गाडी लावतो."

"आणि महिना संपला तरी गाडी आलीच नाही तर?"

शेठ थांबले. "तर मी बाजारातनं घेणार आणि फरक त्याच्याकडनं वसूल करणार."

"मग ह्या कागदावर तुम्ही स्क्रॅपवाले आहात आणि बँक म्हणजे तुमची फाउंड्री."

त्यांनी चष्मा लावला. मग आम्ही कागद वरून खाली वाचायला घेतला.

पहिलीच ओळ 'वी हॅव परचेस्ड फ्रॉम यू' अशी होती, म्हणजे आम्ही तुमच्याकडून विकत घेतले. कन्फर्मेशन नेहमी बँकेच्या बाजूनं लिहिलेलं असतं. त्यामुळे निर्यातदाराच्या कागदावर 'परचेस' दिसलं पाहिजे आणि आयातदाराच्या कागदावर 'सेल'. हे आधी तपासायचं. घाईत फोनवर "एक लाख डॉलर बुक करा" एवढंच बोललं गेलं आणि डीलरनं उलटी बाजू लावली, असं घडू शकतं. त्या दिवशी कळलं तर ते निस्तरता येतं, महिन्याभरानं कळलं तर भांडण होतं.

दुसरी गोष्ट मी सांगितली ती त्यांना आवडली नाही. सही केली नाही म्हणून सौदा मोडत नाही. सौदा झाला तो आदल्या दिवशी सकाळी, रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर, डीलरनं दर सांगितला आणि शेठ "डन" म्हणाले त्या क्षणी. हा कागद म्हणजे झालेल्या बोलण्याची नोंद. त्यात चूक असेल तर लगेच कळवायची, पण "मला आता नको" म्हणण्याची ती जागा नव्हे. शेठनी फोनवर काय सांगितलं होतं? "ऑक्टोबर." तेवढंच. डीलरनं आख्खा ऑक्टोबर लावला. चूक कुणाचीच नव्हती. पण त्या एका शब्दाची किंमत होती आणि ती खालच्या चौकटीत लपलेली होती.

चौकटीत तीन आकडे होते. स्पॉट, म्हणजे त्या दिवसाचा बाजारदर, ८३.४७, त्यात प्रीमियम ५० पैसे मिळवलेला आणि मार्जिन ५ पैसे वजा केलेलं. दर आला ८३.९२.

मार्जिन म्हणजे बँकेचा नफा, त्याबद्दल शेठना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी मला उलट विचारलं की तीन पैशांत होईल का. (मोठी उलाढाल असेल तर होतं. विचारायला लाजू नये.) पण प्रीमियमचा त्यांनी भलताच अर्थ लावला होता. "म्हणजे बँकेला वाटतं की डॉलर ५० पैशांनी वाढणार. मग मी तेव्हाच विकलेलं बरं न्हवं का?"

प्रीमियम हे भाकीत नाही. दोन देशांच्या व्याजातला तो फरक आहे, त्यात बाजारातल्या मागणी-पुरवठ्यामुळे थोडं इकडेतिकडे होतं. शेठचे डॉलर ऑक्टोबरात येणार म्हणून बँक तोवर हात बांधून बसत नाही. ढोबळ मानानं असं समजा की ती त्याच दिवशी डॉलर उसने घेते, बाजारात विकते आणि आलेले रुपये व्याजानं लावते. उसन्या डॉलरवर व्याज द्यायचं, रुपयावर व्याज मिळवायचं. रुपयाचं व्याज जास्त असल्यामुळे मधे जो फरक उरतो तो निर्यातदाराला प्रीमियम म्हणून मिळतो. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० टक्के होता आणि अमेरिकेतला फेडचा दर ५.२५ ते ५.५० टक्के. अंतरच थोडं, म्हणून प्रीमियमही किरकोळ, महिन्याला साधारण ११ पैसे.

"माझा मेहुणा दहा वर्षांमागं लई प्रीमियम घ्यायचा," शेठ म्हणाले. खरं होतं ते. २०१३ च्या आसपास अमेरिकेतला दर जवळजवळ शून्यावर होता आणि आपला सात टक्क्यांच्या वर. तेव्हाचा प्रीमियम बघून आजचा फॉरवर्ड कुणी बुक करायला आला की तो नाराज होणारच.

आता मुख्य मुद्दा. मी कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात दिला. "मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर किती महिने?"

"साडेपाच."

"महिन्याला ११ पैसे धरले तर?"

त्यांनी आकडा काढला. साठ पैसे आणि वर काही. मग कागदाकडे पाहिलं. "इथं पन्नासच लावलंय की! १० पैसे गेले कुठं?"

कुठेही गेले नव्हते. दर १ ऑक्टोबरपर्यंतचाच धरला होता. शेठना महिन्यात कुठल्याही दिवशी डॉलर द्यायची मुभा होती. ते १ तारखेलाही देऊ शकत होते आणि ३१ लाही. १ तारखेला दिले तर बँकेला साडेचार महिन्यांचंच व्याज मिळणार. मग तिनं साडेपाच महिन्यांचं आधीच कबूल का करावं? म्हणून डॉलर प्रीमियमवर असताना बँक निर्यातदाराला खिडकीच्या, म्हणजे ह्या मुभेच्या मुदतीच्या, पहिल्या दिवसापर्यंतचाच प्रीमियम देते. आयातदाराच्या बाबतीत नेमकं उलट होतं, त्याच्याकडून ती शेवटच्या दिवसापर्यंतचा वसूल करते. मुभा ज्याला मिळते, किंमत तोच मोजतो.

त्याच दिवशी पक्की ३१ ऑक्टोबर ही तारीख घेतली असती तर प्रीमियम ६१ पैसे पडला असता आणि दर ८४.०३. ११ पैशांचा फरक, एक लाख डॉलरवर ११,००० रुपये. शेठचा चेहरा उतरला.

"पण पक्की तारीख घेतली असतीत आणि पैसे २० लाच आले असते तर?" मी विचारलं. तेव्हा ते डॉलर ३१ तारखेच्या सौद्यात लवकर द्यावे लागतात. मधल्या दिवसांसाठी बँक बाजारात स्वॅप करते, म्हणजे आता डॉलर विकून ३१ ला परत घ्यायचा सौदा, आणि त्याचा खर्च ग्राहकावर टाकते. पक्की तारीख ज्याचे पैसे खरोखर ठरल्या दिवशी येतात त्यानंच घ्यावी, आणि असा परदेशी ग्राहक मी तरी फारसा पाहिलेला नाही.

मग मी खरा उपयोगाचा प्रश्न विचारला. तुमचा अमेरिकेचा गिऱ्हाईक पैसे नक्की कधी पाठवतो? करारात बिल ऑफ लेडिंगपासून, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीपासून, ९० दिवस होते. माल जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात न्हावा शेवाहून निघणार होता, म्हणजे मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पण मुदत आणि पैसे ह्या दोन वेगळ्या गोष्टी. शेठनी अकाउंटंटला फोन लावला. मागच्या सात रेमिटन्सच्या, म्हणजे परदेशातून पैसे आल्याच्या, तारखा त्यानं वाचून दाखवल्या. सगळ्या १८ ते २५ च्या दरम्यान. त्या कंपनीत महिन्याचं पेमेंट एकदाच निघत असणार, दुसरं काय.

म्हणजे शेठना १ ते १५ ऑक्टोबरची मुभा कधी लागणारच नव्हती. खिडकी १६ ते ३१ घेतली असती तर प्रीमियम १६ तारखेपर्यंतचा, साधारण ५५ पैसे मिळाला असता. दर ८३.९७. पाच हजार रुपये केवळ "ऑक्टोबर" ह्या शब्दाऐवजी "१६ ते ३१ ऑक्टोबर" म्हटल्यानं. ऑप्शनची खिडकी जास्तीत जास्त एक महिन्याची घेता येते असा फेडाईचा, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकांच्या संघटनेचा, नियम आहे, म्हणून लोक डोळे झाकून पूर्ण महिना घेतात. पण ती कमाल मर्यादा आहे. लहान खिडकी घ्यायला कुणी अडवत नाही.

"मग आता बदला की," शेठ म्हणाले. बदलता येत नव्हतं. बदलायचं म्हणजे आहे तो सौदा रद्द करायचा आणि नवा करायचा. दोन्हीकडचं मार्जिन आणि चार्जेस धरले तर हातात काही उरलं नसतं. पहिला कागद आहे तसाच ठेवायचं ठरलं. शेठनी सही केली, पण तारीख घालताना म्हणाले, "पाच हजाराची शिकवणी झाली ही."

जाता जाता त्यांनी विचारलं की पैसे सप्टेंबरमध्येच आले तर काय. लवकर डिलिव्हरी घेऊन स्वॅपचा खर्च सोसायचा हा एक मार्ग. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे डॉलर ईईएफसी खात्यात, जिथे निर्यातदाराला ते डॉलर म्हणूनच ठेवता येतात, ठेवायचे आणि १ ऑक्टोबरला खिडकी उघडली की सौद्यात द्यायचे. त्या खात्यात एका महिन्यात आलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत करून घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरच्या पैशांना ऑक्टोबरअखेरपर्यंत मुभा होतीच.

मी मात्र त्यांना घाबरवलं ते उशिराबद्दल. काही वर्षांपूर्वी एका निर्यातदाराचा सौदा ऐन दिवाळीत संपत होता. पैसे आले नव्हते, मालक गावाला, अकाउंटंट सुट्टीवर, बँकेला कुणी काही कळवलं नाही. मुदत संपल्यावर सूचना आली नाही तर तिसऱ्या कामाच्या दिवशी सौदा आपोआप रद्द होतो. तसा तो झाला. बाजार त्या वेळी त्याच्या बाजूनं होता. डॉलर उतरला होता आणि मुदतीआधी रद्द केला असता तर फरक त्याला मिळाला असता. पण आपोआप रद्द झालेल्या सौद्यात चूक ग्राहकाची धरतात. तोटा असेल तर तो भरायचा, नफा असेल तर तो मिळत नाही. एक फोन करायला हवा होता, इतकंच. शेठनी हे ऐकलं आणि समोरच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २०२४ ची दिवाळी शोधली. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. सौदा संपणार ३१ ऑक्टोबरला. पेन मागून घेऊन त्यांनी कन्फर्मेशनच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दसऱ्याला आठवण'.

आठवणीची वेळ आली नाही. २२ ऑक्टोबरला पैसे आले. पण सकाळी त्यांच्या अकाउंटंटचा मेल बघून माझ्या पोटात गोळा आला. मेलमध्ये एवढंच होतं, "कृपया रेमिटन्स रुपयांत करून खात्यात जमा करावी." फॉरवर्डचा नंबर नाही. अशी सूचना प्रोसेसिंगला गेली की ते लोक त्या दिवसाच्या चालू दरानं डॉलर बदलून मोकळे होतात. त्यांना फॉरवर्ड आहे हे कळणार कसं? मग खात्यात रुपये आलेले असतात, तिकडे एक लाखाचा सौदा तसाच उघडा पडलेला असतो आणि त्यात द्यायला डॉलर शिल्लक नसतात. मी फोन करून व्यवहार थांबवला आणि नव्यानं मेल मागवला, सौद्याच्या नंबरासकट. सगळी समजूत मालकाला घातली होती, मेल पाठवणाऱ्याला घालायची राहून गेली, ही माझी चूक.

दुसरी अडचण रकमेची होती. बिल एक लाखाचं, आले ९८,२०० डॉलर. काही कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेची छिद्रं, निघाली म्हणून गिऱ्हाइकानं १,८०० डॉलर कापले होते. ९८,२०० डॉलर ८३.९२ नं बदलले गेले. उरलेल्या १,८०० चं काय? ते शेठनी बँकेला विकलेले होते, पण त्यांच्याकडे नव्हते. म्हणजे स्क्रॅपवाल्याची गाडी कमी भरली. आता तेवढे डॉलर बँकेकडूनच त्या दिवसाच्या टीटी सेलिंग दरानं, म्हणजे बँक डॉलर विकते त्या दरानं, परत घ्यायचे. तो दर होता ८४.२०. विकले ८३.९२ ला, परत घेतले ८४.२० ला, डॉलरमागे २८ पैसे. १,८०० ला ५०४ रुपये, शिवाय रद्द करण्याचं शुल्क आणि त्यावर जीएसटी.

५०४ रुपये शेठनी विनातक्रार दिले. पण मला त्यांना आकडा दाखवायचा होता. समजा ऑर्डरच रद्द झाली असती आणि एकही डॉलर आला नसता, तर हेच २८ पैसे एक लाखावर, म्हणजे २८,००० रुपये. माल विकला नाही, पैसे आले नाहीत आणि वर बँकेला द्यायचे. फॉरवर्ड दराची जोखीम घेतो, गिऱ्हाइकाची नाही. म्हणून ज्या ऑर्डरबद्दल खात्री नाही तिच्या पूर्ण रकमेचा सौदा मी कुणाला करायला सांगत नाही. ज्यांच्या मालाला नेहमी दोन-पाच टक्के कपात लागते त्यांनी तेवढी रक्कम आधीच वगळावी, ती स्पॉटला विकता येते.

खरी तक्रार निघाली ती वेगळीच. त्या दिवशी स्पॉट ८४.०७ होता. "म्हणजे माझे १५ पैसे बुडाले," शेठ म्हणाले. त्यांनी हिशोबही करून आणला होता, ९८,२०० ला १४,७३० रुपये. मी एवढंच विचारलं की ऑर्डर घेताना कास्टिंगचा भाव काढला तेव्हा डॉलर किती धरला होता. ८३ रुपये. ह्यावर ते काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. १४,७३० मात्र त्यांच्या मनातून गेले असतील असं मला वाटत नाही. उद्योगपती आहेत ते.

दिवाळी झाल्यावर त्यांनी दुसरा फॉरवर्ड केला. माल नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार होता, पैसे फेब्रुवारीत. ह्या वेळी डीलरशी ते स्वतः बोलले आणि स्पॉट, प्रीमियम आणि मार्जिन वेगवेगळं सांगायला लावलं. रक्कम ९५,००० डॉलर. खिडकी मागितली १६ ते २८ फेब्रुवारी.

संध्याकाळी कन्फर्मेशन गेलं आणि दहा मिनिटांत माझा फोन वाजला.

"मॅडम, मी सोळा सांगितलंवतं. कागदावर सतरा आलंय."

मी कागद उघडून बघेपर्यंत पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. सोळाला रविवार हाय. पण मग प्रीमियम सतरापर्यंतचा लावलाय का सोळापर्यंतचा, तेवढं बघून सांगा."